कालवा मोजणाऱ्या विमानाचा दुसरा पंख: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

उसाच्या पट्ट्यातून जाणाऱ्या एका जुन्या कालव्याचा हवाई नकाशा करायचं काम पश्चिम महाराष्ट्रातल्या एका छोट्या सर्वेक्षण गटाकडे आलं. कालवा, त्याचे दोन्ही भराव, सेवारस्ता आणि बाजूची थोडी जमीन मिळून अडीचशे मीटरचा पट्टा मोजायचा होता. गटाची आणि कालव्याची ओळख इथे दिलेली नाही. आकडे मात्र त्यांच्या गणिताच्या वहीतले आणि उड्डाणांच्या नोंदींतले आहेत, सोयीसाठी थोडे गोळाबेरीज केलेले.

चार पंख्यांचा ड्रोन या कामाला लावून पाहिला होता. अर्ध्या तासाच्या आत बॅटरी संपते आणि खाली उतरावं लागतं. अडचण उतरायच्या जागेचीच होती. दोन्ही बाजूंना डोक्याच्या वर गेलेला ऊस, मध्ये पाणी, अधूनमधून विजेच्या तारा. बऱ्यापैकी मोकळं पडीक रान पंधरा-पंधरा किलोमीटरवर एखादं सापडायचं. म्हणून स्थिर पंखांचं विमान हवं होतं, तेही एका उड्डाणात एका मोकळ्या रानापासून पुढच्या रानापर्यंत पोचणारं.

नियमानुसार विमान नजरेच्या टप्प्यात ठेवावं लागतं. त्यावर त्यांनी काढलेला तोडगा मला आवडला. कालव्याचे एकेक किलोमीटरचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्यावर विमानाने पंचेचाळीस मीटर अंतराच्या चार समांतर रेघा मारायच्या आणि पुढच्या तुकड्यावर सरकायचं. विमान चार वेळा ये-जा करत असल्याने कालव्याच्या दिशेने त्याची प्रगती सायकलच्या वेगाने होते. सेवारस्त्यावरून पायलटची जीप आरामात त्याच्याखाली राहू शकते.

अडचण

पहिलं विमान त्यांनी स्वतःच बांधलं होतं. वजन २.८ किलो, पंखांची लांबी २.२ मीटर, पंखाचं क्षेत्रफळ ०.७० चौरस मीटर. म्हणजे विंग लोडिंग, पंखाच्या दर चौरस मीटरवर येणारा भार, ४ किलो. बॅटरी २१७०० आकाराच्या बारा लिथियम-आयन सेलची, २१६ वॅट-तासांची. त्यातले ८० टक्के, म्हणजे सुमारे १७३ वॅट-तास, वापरायचे असं ठरलेलं.

सकाळच्या शांत हवेत हे विमान सेकंदाला ११ मीटर वेगाने जवळजवळ दोन तास हवेत राहिलं. गट खूश होता, आणि त्या आकड्यावर त्यांनी कामाचा अंदाजही देऊन टाकला. कालव्यावर मात्र पहिल्याच आठवड्यात गाडी अडली. एप्रिल-मेमध्ये तिथे दहाच्या सुमारास पश्चिमेचा वारा सुरू होतो आणि दुपारपर्यंत सेकंदाला ७ मीटरवर जातो, झोत त्याहून जोरात. अकराच्या वेगाने वाऱ्यात शिरलेलं विमान जमिनीवरून सेकंदाला ४ मीटर सरकायचं. झोत आला की जागच्या जागी लटकायचं.

शेताचं सर्वेक्षण असतं तर रेघा वाऱ्याला आडव्या मारून हा त्रास बराच कमी करता आला असता. कालव्याची दिशा आपल्या हातात नसते. हा कालवा पूर्व-पश्चिम जात होता, वारा थेट त्याच्या रेषेत.

"वर जाताना हळू, खाली येताना जोरात, सरासरी तीच की," असं गटातल्या एकाचं म्हणणं होतं. ते तसं होत नाही, कारण हळू जाण्यात वेळही जास्त जातो. ये-जा मिळून सरासरी वेग काढायचं सूत्र असं:

```
Vg = (V² − w²) / V
```

`V` हा हवेतला वेग, `w` वारा. अकराच्या वेगाला ७ मीटरचा वारा लागला तर सरासरी ६.५ मीटर उरते. वेग पंधरा केला तर ११.७ मीटर मिळते. हवेतला वेग साधारण एक-तृतीयांशाने वाढला आणि जमिनीवरचा जवळजवळ ऐंशी टक्क्यांनी.

मग त्याच विमानाला पंधराच्या वेगाने का नाही उडवायचं? त्यांनी उडवलं. एकूण वीजखर्च ८८ वॅटवरून १५० वॅटच्या पुढे गेला आणि हवेत राहण्याचा काळ ११८ मिनिटांवरून ६८ मिनिटांवर आला. दोन्हींचं अंतर मोजा: सेकंदाला ६.५ मीटरने ११८ मिनिटं म्हणजे सुमारे ४६ किलोमीटरच्या रेघा, आणि ११.७ मीटरने ६८ मिनिटं म्हणजेही सुमारे ४८. चार रेघांच्या हिशेबाने कालवा जेमतेम बारा किलोमीटर, वळणं धरली तर दहा. मिनिटं जवळजवळ निम्मी झाली तरी कामात फरक नाही. गटाला आपण कशाच्या मागे लागलो होतो ते या दोन ओळींनी दाखवलं. मोजायला हवे होते ते दर वॅट-तासाला जमिनीवर पडणारे किलोमीटर.

कोणते पर्याय समोर होते

सर्वात सोपा पर्याय होता पहाटेच उडायचं. वारा नसेल तेव्हा पहिलं विमान उत्तमच होतं. पण सकाळी आठपर्यंत सूर्य इतका खाली असतो की उसाच्या सावल्या भरावावर आणि पाण्यावर पडतात, आणि उंचीच्या नमुन्यात त्या जागी खड्डे-उंचवटे दिसू लागतात. म्हणजे उजेड आणि शांत हवा एकत्र मिळायची ती जेमतेम दीड तास.

दुसरा पर्याय बॅटरी दुप्पट करण्याचा. त्याने वजन ८४० ग्रॅमने वाढलं असतं. गटाने तो चर्चेतच फेटाळला, कारण पंखातली कार्बन नळी २.८ किलो धरून निवडली होती आणि पोटात जागा नव्हती. या निर्णयाकडे शेवटी परत येऊ.

तिसरा पर्याय पंख नव्याने आखण्याचा: पोट, शेपूट, बॅटरी, कॅमेरा तेच, पंख आणि मोटर नवी. तो स्वीकारला गेला.

विंग लोडिंग कसं ठरलं

आधी वेग ठरवला. खालची मर्यादा वाऱ्याने घातलेली. वरची मर्यादा कॅमेऱ्याने: ११० मीटर उंचीवरून २० मिलिमीटर भिंगातून एक पिक्सेल जमिनीवर २.१ सेंटीमीटर पडतो, आणि फोटोंची ७५ टक्के पुढची व्याप्ती ठेवायची तर दर २१ मीटरवर एक फोटो हवा. वारा पाठीशी असताना पंधराच्या वेगाचं विमान जमिनीवर बावीसने धावतं. म्हणजे दर सेकंदाला एक फोटो, आणि हा कॅमेरा त्याहून भरभर विश्वासाने फोटो काढत नव्हता. शटर १/१००० ठेवलं तर तेवढ्या वेळात विमान एका पिक्सेलइतकं पुढे सरकलेलं असतं. म्हणून पंधराच्या वर जायचं नाही.

हवेची घनता त्यांनी १.०६ किलो प्रति घनमीटर धरली. पुस्तकातली १.२२५ ही समुद्रसपाटीची, १५ अंशांची आहे. साडेपाचशे मीटर उंचीच्या पठारावर, वर आणखी ११० मीटर आणि उन्हाळ्यात ती तेवढी राहत नाही. याचा एक छोटा पण महत्त्वाचा परिणाम असा की हवेतला खरा वेग १५ असतो तेव्हा ऑटोपायलटच्या वेगमापकावर साधारण १४ दिसतात. पहिल्या विमानात तिथे खरा वेग भरलेला होता आणि त्यामुळे ते नको तितक्या जोरात उडत होतं.

आता मुख्य प्रश्न. या पोट-शेपटीसाठी आणि दहाच्या आसपास लांबी-रुंदी गुणोत्तराच्या पंखासाठी उचल आणि अवरोध यांचं सर्वात चांगलं गुणोत्तर उचल गुणांक `C_L` ०.९च्या जवळ असताना मिळत होतं. १५ मीटरच्या वेगाला `C_L` ०.९ हवा असेल तर भार किती?

```
W/S = ½ ρ V² C_L
```

`W/S` हा दर चौरस मीटरवरचा भार न्यूटनमध्ये, `ρ` हवेची घनता. किलोत मांडलं तर उत्तर येतं दर चौरस मीटरला जवळजवळ ११ किलो. कागदावर हेच सर्वोत्तम. पण अशा विमानाचा स्टॉल वेग, ज्याच्या खाली पंख विमानाला उचलून धरू शकत नाही तो वेग, १३ मीटरच्या आसपास जातो, आणि उतरताना त्याच्या सव्वापट-दीडपट वेग ठेवावा लागतो. शंभर-सव्वाशे मीटरच्या मुरमाड रानात, टोकाला ऊस असताना, पोटावर घसरत उतरणाऱ्या विमानासाठी हे नको.

म्हणून त्यांनी उलटं गणित मांडलं. उतरायच्या जागा जीपने फिरून पाहिल्या होत्या. तिथे चालेल असा स्टॉल वेग १० मीटरच्या आत. पंखाचा जास्तीत जास्त `C_L` १.२ धरला तर भाराची मर्यादा निघते ६.५ किलो. थोडी मोकळीक ठेवून ५.८ किलोवर शिक्कामोर्तब झालं. क्षेत्रफळ ०.४८ चौरस मीटर, लांबी तीच २.२ मीटर, स्टॉल ९.५ मीटरला. पंधराच्या वेगाला `C_L` ०.४८ येतो, म्हणजे विमान आपल्या सर्वोत्तम गुणोत्तराच्या बरंच खाली उडणार. माझ्या मते सगळ्या प्रकरणातला हा सर्वात शहाणा निर्णय: भार ठरवला तो रानाने.

त्याची किंमतही होती. पहिलं विमान हाताने फेकता यायचं. साडेनऊच्या स्टॉलचं विमान हाताने फेकणं म्हणजे जुगार. रबरी दोरीचं प्रक्षेपण आलं, त्याच्या खुंट्या ठोकणं आलं.

एअरफॉइलची निवड

पहिल्या पंखाला एस१२२३ हा एअरफॉइल, म्हणजे पंख कापल्यावर दिसणारा छेद, होता. गटातले दोघे महाविद्यालयात असताना जास्तीत जास्त वजन उचलायच्या विमानांच्या स्पर्धा खेळलेले, आणि तिथे हा छेद लाडका आहे. खूप वाकलेला, हळू वेगात प्रचंड उचल देणारा. पण त्याचं भलं होतं ते `C_L` एकच्या वर. ०.५च्या आसपास उडवायचं तर पंखाचा कोन इतका कमी करावा लागतो की खालच्या खोलगट बाजूवर प्रवाह सुटतो आणि अवरोध जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय नाक खाली दाबणारा त्याचा मोमेंट मोठा. तो सावरायला शेपटीला सतत खाली ढकलावं लागतं, आणि ते ओझं पुन्हा पंखावरच येतं.

हे नोंदींतून ओळखता आलं असतं. अकरावरून पंधरावर जाताना चांगल्या विमानाला हवेतली शक्ती दीडपटीच्या थोडी पुढे लागते. यांचा वीजखर्च, कॅमेरा-ऑटोपायलटचे ८ वॅट वजा करूनही, पावणेदोनपटीच्या वर गेला होता.

नव्या पंखाचा रेनॉल्ड्स अंक, म्हणजे पंखाची रुंदी, वेग आणि हवा यांवरून प्रवाह कसा वागेल ते सांगणारा आकडा, सुमारे १ लाख ८५ हजार, टोकाकडे १ लाख ३६ हजार. इतक्या खालच्या अंकाला मोठ्या विमानांचे छेद चालत नाहीत, कारण पंखावरचा शांत थर सुटतो, बुडबुडा करून पुन्हा चिकटतो, आणि त्या बुडबुड्याने अवरोध वाढतो. तीन छेद तुलनेला घेतले. क्लार्क वाय बांधायला सोपा, खालची बाजू बरीचशी सपाट. एसडी७०६२ १४ टक्के जाड, नळीला भरपूर जागा, उतरताना मवाळ. एसडी७०३७ साधारण ९ टक्के जाड, मुळात मॉडेल ग्लायडरसाठी केलेला, ०.३ ते ०.८ `C_L`मध्ये सर्वात कमी अवरोध देणारा.

गणिताने एसडी७०३७ निवडला, पण बांधणाऱ्याची शंका रास्त होती: नळी मावेल का? मुळाशी रुंदी २५० मिलिमीटर ठेवली तर जाडी २३ मिलिमीटर येते आणि १६ची कार्बन नळी बसते. टोकाला रुंदी १६० मिलिमीटर, तिथे नळी बारीक. बसली. बसली नसती तर जाड छेद घेणं योग्य ठरलं असतं, कारण वाकणारा पंख कुठल्याच छेदासारखा वागत नाही.

एक्सएफएलआर५ या पंखांच्या गणिताच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं चालवून पाहिलं. मात्र तिथला जास्तीत जास्त `C_L` उदार असतो, म्हणून गणितात १.२च धरला, सॉफ्टवेअरने त्याहून जास्त दाखवलं तरी.

मोटर सगळ्यात शेवटी

पहिली मोटर निवडली होती ती जमिनीवर काट्याला बांधून, वजनाच्या ऐंशी टक्के जोर देते का हे पाहून. हाताने फेकायच्या विमानाला ते ठीक होतं. दोरीने सुटणाऱ्या विमानाला त्याची गरज नाही.

पंधराच्या वेगाला नव्या विमानाला लागणारा जोर निघाला २.३ न्यूटन, म्हणजे २३५ ग्रॅम. विमान २.८ किलोचं, जोर पावकिलो! जुनी दांडगी मोटर एवढ्याशा कामाला लावली की ती नुसती फिरण्यातच दीड अँपिअर घेते. चार सेलच्या बॅटरीवर हे पंधरा-वीस वॅट होतात, विमान पुढे न ढकलता जाणारे.

प्रोपेलरपासून सुरुवात केली. १३×८ इंचांचा मिटणारा प्रोपेलर पंधराच्या वेगाला मिनिटाला ५००० फेऱ्यांवर हा जोर देतो, आणि त्याच बिंदूला त्याची कार्यक्षमता चांगली असते. मोठा आणि हळू फिरणारा. मिटणारा अशासाठी की पोटावर उतरताना पाती वाचतात. मग ५००० फेऱ्यांना साजेशी मोटर शोधली.

इथे वाद झाला. एकाला ४२० केव्हीची, म्हणजे बिनभाराने दर व्होल्टला मिनिटाला ४२० फेऱ्या फिरणारी, मोटर हवी होती, कारण उड्डाणात ती जवळजवळ पूर्ण थ्रॉटलवर चालेल आणि तिथे तिची कार्यक्षमता सर्वोत्तम. भरलेल्या बॅटरीवर त्याचं बरोबर होतं. पण लिथियम-आयन सेल रिकामा होत आला की भाराखाली ३.१ व्होल्टवर येतो, चार सेलचे १२.४. त्यावर ४२० केव्ही म्हणजे बिनभाराच्या ५२०० फेऱ्या, प्रोपेलर लावला की ५०००च्या खाली. म्हणजे उड्डाणाच्या शेवटी, उतरायच्या रानात अचानक गुरं आली आणि परत वर जायचं म्हटलं, तर विमान सपाटसुद्धा उडणार नाही. ५२० केव्हीची घेतली. कार्यक्षमता दोन-चार टक्के गेली असेल, पण बॅटरी भरलेली असताना सेकंदाला चार मीटर आणि संपत आल्यावर दोनच्या वर चढण मिळाली.

काय घडलं

गणितात पंधराला एकूण ८० वॅट होते, कॅमेरा-ऑटोपायलटचे ८ धरून. पहिल्या मोजमापात आले १०१. पहाटे, एकाच रेघेवर दोन्ही दिशांनी, वेग बारा ते सतरा असा एकेकाने वाढवत त्यांनी खर्च नोंदवला. सगळ्या वेगांना खर्च सारख्याच प्रमाणात जास्त असता तर दोष मोटर-प्रोपेलरचा. इथे वेगाबरोबर तफावत वाढत होती, म्हणजे कुठेतरी अवरोध. कॅमेऱ्याच्या खिडकीची कड बाहेर आलेली होती, एलेरॉनच्या, म्हणजे पंखामागच्या हलत्या पट्ट्यांच्या, फटी उघड्या होत्या, फोमची मागची कड तीन मिलिमीटर जाड राहिली होती. खिडकी आणि फटी टेपने बंद केल्यावर ९२ वॅट झाले. मागची कड तशीच राहिली.

एकदा विमान गमावता गमावता वाचलं. उतरण्याआधीच्या वळणात, झोतात, डावा पंख अचानक पडला. नोंदीत वेग ११ आणि कल ४० अंश होता. सपाट उडताना ९.५ असलेला स्टॉल ४० अंशांच्या वळणात १०.९ होतो, म्हणजे मोकळीक शून्य. अरुंद टोक आधी सुटलं, यात आश्चर्य नव्हतं. ऑटोपायलटमधली कलाची मर्यादा `ROLL_LIMIT_DEG` मूळच्या ४५वरून ३०वर आणली, किमान वेग `AIRSPEED_MIN` वाढवला, आणि पुढच्या पंखाच्या टोकाला दोन अंश खाली पीळ दिला. तीस अंशांत वळणाची त्रिज्या चाळीस मीटर होते, त्यामुळे प्रत्येक तुकड्याच्या टोकाला विमान थोडं जास्त फिरतं. तो तोटा मान्य केला.

९२ वॅटला १७३ वॅट-तास म्हणजे ११३ मिनिटं. आखणी ते १०० मिनिटांचीच करतात. सात मीटरच्या वाऱ्यात वळणांसकट कालव्याचे पंधरा किलोमीटर एका उड्डाणात होतात, जिथे आधी दहा व्हायचे तेही बॅटरी पूर्ण पिळून. हवेत राहायचा काळ पहिल्या विमानाच्या शांत हवेतल्या विक्रमापेक्षा कमीच आहे.

वेगळं काय करता आलं असतं

बॅटरी दुप्पट करायचा पर्याय फेटाळताना गटाने एक स्वस्त प्रयोगही फेटाळला. जुन्या विमानात गुरुत्वमध्यावर आठशे ग्रॅम शिसं बांधून, पहाटेच्या शांत हवेत, पंधराच्या वेगाला वॅट मोजायचे. नळीवर ताण नको म्हणून वळणं सौम्य ठेवायची. भार ५.१ किलोवर गेला असता, `C_L` वाढला असता, आणि एस१२२३चा तोटा किती कमी होतो ते दिसलं असतं. त्यावरून भाराचा दोष किती आणि छेदाचा किती हे वेगळं करता आलं असतं. आता दोन्ही एकदम बदलल्यामुळे ते कधीच कळणार नाही. नवीन पंखाचा साचा करायला लागलेल्या वेळेपुढे एक सकाळ काहीच नव्हती.

दुसरं, फ्लॅप, म्हणजे पंखाच्या मुळाकडच्या खाली वळणाऱ्या पट्ट्या. उतरताना एलेरॉन वर आणि फ्लॅप खाली करून वेग मारता आला असता, तर ६.५पर्यंतचा भार सहज झेपला असता आणि वाऱ्यात आणखी फायदा झाला असता. दोन जास्तीचे सर्व्हो आणि वायरिंगचा कंटाळा, एवढंच कारण होतं. पुढच्या साच्यात फ्लॅपची रेघ आखून ठेवली आहे, आणि मागची कड एक मिलिमीटरवर आणण्यासाठी तिथे फोमऐवजी बाल्साची पट्टी येणार आहे.